गुणाकाराच्या आधी

दहावीच्या बीजगणितात संभाव्यता येते ती मोजणीच्या रूपात. नमुना अवकाशातल्या सगळ्या निष्पत्ती लिहून काढायच्या, आपल्याला हव्या त्या मोजायच्या आणि भागाकार करायचा. इथवर फारसं कुणी अडत नाही. अडचण सुरू होते ती पुढे, अकरावी-बारावीत, सशर्त संभाव्यता आणि स्वतंत्र घटना पाठोपाठ शिकवल्या जातात तेव्हा. सशर्त संभाव्यतेचं सूत्र येतं, त्याचा स्वाध्याय होतो. मग स्वतंत्र घटनांचं सूत्र येतं, त्याचाही स्वाध्याय होतो. दोन्ही स्वाध्याय मुलं व्यवस्थित सोडवतात, कारण कोणतं सूत्र वापरायचं ते स्वाध्यायाच्या मथळ्यानेच सांगितलेलं असतं. परीक्षेत मथळा नसतो. तिथे पिशव्या, फासे आणि पत्ते सरमिसळ होऊन समोर येतात, आणि बरीच मुलं प्रश्नात दिसणारे दोन अपूर्णांक गुणून मोकळी होतात.

अशा वेळी मुलं स्वतःला विचारतात, ‘हे उदाहरण सशर्तचं आहे की स्वतंत्रचं?’ माझ्या मते गोंधळाचं मूळ याच प्रश्नात आहे. ‘सशर्त’ आणि ‘स्वतंत्र’ हे एकाच प्रश्नाचे दोन पर्याय नाहीत. ‘सशर्त’ हा शब्द आपल्याला काय विचारलंय ते सांगतो. ‘स्वतंत्र’ हा शब्द दोन घटनांमधलं नातं सांगतो. ही दोन वेगळी वर्गीकरणं आहेत आणि प्रत्येक उदाहरण दोन्हींतून जातं. एखादं उदाहरण सशर्तही असतं आणि त्यातल्या घटना स्वतंत्रही असतात. नाणं दोनदा उडवलं, पहिल्यांदा छाप आला आहे, तर दुसऱ्यांदा छाप येण्याची संभाव्यता किती? प्रश्न सशर्त आहे, घटना स्वतंत्र आहेत आणि उत्तर 1/2 आहे. ‘हे की ते’ असं विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण कुठल्याच खणात बसवता येत नाही.

म्हणून उदाहरणांची वर्गवारी करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. पहिला: यातलं काही घडून गेल्याचं आपल्याला कळलेलं आहे का, की दोन्ही गोष्टी घडण्याची संभाव्यता विचारली आहे? दुसरा: एक गोष्ट कळल्याने दुसरीची संभाव्यता बदलते का? दोन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं. कागदाला एक आडवी आणि एक उभी घडी घातली की चार घरं तयार होतात. वरच्या ओळीत ‘दोन्ही घडतील का’, खालच्या ओळीत ‘एक घडलंय, आता दुसरं?’ डावीकडे ‘स्वतंत्र’, उजवीकडे ‘परस्परावलंबी’.

आता ही चारही घरं एकाच पिशवीने भरून पाहू. पिशवी मुद्दाम एकच ठेवायची. उदाहरणातली वस्तू बदलली की मुलांचं लक्ष वस्तूकडे जातं आणि पत्त्यांची उदाहरणं एका बाजूला, फाशांची दुसऱ्या बाजूला अशी वाटणी सुरू होते. वरवरच्या खुणांवरून गट पाडण्याची ही सवय नवशिक्यांमध्ये सगळीकडेच दिसते. मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर या अमेरिकी संशोधकांनी 1981 साली भौतिकशास्त्रातली उदाहरणं न सोडवता फक्त गटांत लावायला दिली होती. विद्यार्थ्यांनी उतरणीची उदाहरणं एकत्र ठेवली, स्प्रिंगची एकत्र ठेवली. जाणकारांनी मात्र ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी उदाहरणं एका गटात लावली, मग त्यांत उतरण असो की स्प्रिंग. संभाव्यतेत पिशवी, फासा आणि पत्ता म्हणजे हीच उतरण आणि स्प्रिंग.

तर पिशवीत दोन पांढरे आणि दोन काळे चेंडू आहेत. न बघता एकामागून एक दोन चेंडू काढायचे.

पहिलं घर. पहिला चेंडू रंग पाहून परत टाकला, पिशवी हलवली, मग दुसरा काढला. दोन्ही पांढरे असण्याची संभाव्यता किती? पहिल्या वेळी 1/2, दुसऱ्या वेळीही पिशवी तशीच, म्हणून 1/2. गुणाकार 1/4.

त्याच्या खालचं घर. पद्धत तीच, चेंडू परत टाकला आहे. पण आता पहिला पांढरा निघाल्याचं आपण पाहिलंय. दुसरा पांढरा असण्याची संभाव्यता किती? पिशवीत पुन्हा दोन पांढरे आणि दोन काळे आहेत. उत्तर 1/2. इथे गुणाकाराचं कामच नाही, कारण पहिल्या चेंडूबद्दल आता कसलीही अनिश्चितता उरलेली नाही.

उजवीकडचं वरचं घर. पहिला चेंडू परत टाकला नाही. दोन्ही पांढरे असण्याची संभाव्यता किती? पहिला पांढरा असण्याची 1/2. तो पांढरा निघाला तर पिशवीत एक पांढरा आणि दोन काळे उरतात, म्हणून दुसऱ्याची 1/3. गुणाकार 1/6.

उजवीकडचं खालचं घर. चेंडू परत टाकला नाही आणि पहिला पांढरा निघाल्याचं पाहिलंय. दुसरा पांढरा असण्याची संभाव्यता 1/3.

पिशवी एकच, चेंडू तेच, आणि उत्तरं चार: 1/4, 1/2, 1/6, 1/3. चारही वेगळी आली हे शिकवणाऱ्याच्या फार सोयीचं आहे, कारण मुलाच्या चुकीच्या उत्तरावरून त्याचं नेमकं काय चुकलं ते ओळखता येतं. समजा चौथ्या घरातला प्रश्न दिला, ज्याचं बरोबर उत्तर 1/3 आहे. एखाद्याने 1/2 लिहिलं, तर चेंडू परत टाकला नाही हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही. त्याचं नातं ओळखायचं चुकलंय, प्रश्न त्याला बरोबर कळला आहे. दुसऱ्याने 1/6 लिहिलं, तर त्याला चेंडू कमी झाल्याचं कळलंय, पण पहिला चेंडू पांढरा निघून गेला आहे ही दिलेली माहिती त्याने पुन्हा अनिश्चित मानून तिच्या संभाव्यतेने गुणलं आहे. तिसऱ्याने 1/4 लिहिलं, तर त्याचं दोन्हीकडे चुकलंय. तिघांच्याही वहीवर नुसती लाल फुली मारली, तर तिघांना एकच शेरा मिळतो आणि तिघांच्या अडचणी वेगळ्या आहेत हे कुणाला कळतच नाही.

यातली 1/6 ची चूक सर्वांत चिवट असते. मुलांच्या मनात ‘पहिला पांढरा आणि दुसरा पांढरा’ आणि ‘पहिला पांढरा असताना दुसरा पांढरा’ या दोन वाक्यांचं चित्र एकच उभं राहतं: दोन पांढरे चेंडू. चित्र खरोखरच एक आहे. फरक पडतो तो छेदात. तो दाखवायला सूत्रापेक्षा यादी बरी. चेंडूंना नावं द्या: पां1, पां2, का1, का2. परत न टाकता दोन चेंडू काढण्याच्या क्रमवार जोड्या बारा होतात, कारण पहिल्यासाठी चार पर्याय आणि दुसऱ्यासाठी उरलेले तीन. दोन्ही पांढरे असलेल्या जोड्या दोनच: पां1-पां2 आणि पां2-पां1. ‘दोन्ही पांढरे’ असं विचारलं तर बारांपैकी दोन, म्हणजे 1/6. ‘पहिला पांढरा निघालाय’ असं सांगितलं, तर पहिला काळा असलेल्या सहा जोड्या यादीतून खोडायच्या. खरोखर पेन्सिलने काट मारायची. उरल्या सहा, त्यांत हव्या असलेल्या त्याच दोन, म्हणजे 1/3. अंश तसाच राहिला, छेद निम्मा झाला. सशर्त संभाव्यतेचं सूत्र हेच सांगतं:

P(A|B) = P(A∩B) / P(B)

B घडल्याचं कळलं, म्हणून B च्या बाहेरचं सगळं खोडलं आणि उरलेल्यात A किती ते पाहिलं. यादीवर दोन-चार वेळा काट मारून झाल्यावर हे सूत्र मुलांना आपलं वाटतं. आधी सूत्र आणि मग आकडे, या क्रमाने गेलं तर ते नुसतं पाठ होतं.

या यादीतूनच एक तपासणीही हाती लागते. अंश तोच आणि छेद लहान किंवा तेवढाच, म्हणून ‘B घडलंय, तर A’ याचं उत्तर ‘A आणि B दोन्ही’ याच्या उत्तरापेक्षा कधीही लहान येऊ शकत नाही. उत्तर काढल्यावर मुलाने वरच्या घराचं उत्तरही काढून शेजारी लिहावं. खालचं वरच्याहून लहान आलं, तर कुठेतरी चुकलंय हे उत्तरसूची न उघडता कळतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे नात्याकडे वळू. पिशवीच्या बाबतीत नातं दिसतं. चेंडू परत टाकला तर स्वतंत्र, नाही टाकला तर नाही. त्यामुळे मुलं ‘परत टाकला’ आणि ‘परत न टाकता’ हे शब्द शोधायला शिकतात. ‘दोन चेंडू एकदम काढले’ असं लिहिलेलं असलं, की यातले शब्द सापडत नाहीत आणि काहीजण ते उदाहरण स्वतंत्र घटनांमध्ये टाकतात. एकदम काढलेले दोन चेंडू म्हणजे परत न टाकता काढलेले दोन चेंडूच. पण शब्द शोधण्याची खरी मर्यादा फाशांच्या एका उदाहरणात उघडी पडते. माझ्या दृष्टीने हे संपूर्ण धड्यातलं सर्वांत मोलाचं उदाहरण आहे.

दोन फासे टाकले. एक घटना अशी, की पहिल्या फाशावर 4 आले. दुसरी घटना अशी, की दोन्हींची बेरीज 7 आली. या घटना स्वतंत्र आहेत का? जवळपास प्रत्येकजण नाही म्हणतो, आणि त्यामागचं कारणही सयुक्तिक वाटतं: बेरजेत पहिला फासा धरलेलाच आहे, मग ती त्याच्यापासून स्वतंत्र कशी असेल? मोजून पाहू. एकूण जोड्या 36. बेरीज 7 येणाऱ्या जोड्या सहा, म्हणून संभाव्यता 6/36, म्हणजे 1/6. आता पहिल्या फाशावर 4 आल्याचं कळलं. तीस जोड्या खोडल्या, सहा उरल्या, त्यांत बेरीज 7 देणारी एकच: 4 आणि 3. संभाव्यता पुन्हा 1/6. पहिला फासा कळला आणि बेरजेच्या संभाव्यतेत काडीचाही फरक पडला नाही. घटना स्वतंत्र आहेत.

आता बेरीज 7 च्या जागी 8 घ्या. बेरीज 8 देणाऱ्या जोड्या पाच: 2-6, 3-5, 4-4, 5-3, 6-2. संभाव्यता 5/36. पहिल्या फाशावर 4 आल्याचं कळल्यावर सहांपैकी एक जोडी चालते, म्हणजे 1/6, म्हणजेच 6/36. माहिती मिळाल्यावर संभाव्यता बदलली. या घटना स्वतंत्र नाहीत.

गोष्ट दोन्ही वेळा सारखीच होती, फक्त एक आकडा बदलला आणि नातं बदललं. याचं कारण साधं आहे. पहिल्या फाशावर काहीही आलं, तरी बेरीज 7 करणारा दुसरा आकडा नेमका एक असतो: 1 ला 6, 2 ला 5, आणि असंच पुढे. त्यामुळे पहिला फासा कळूनही 7 बद्दल नवीन काहीच कळत नाही. 8 च्या बाबतीत पहिल्यावर 1 आला तर बेरीज 8 होणं शक्यच नाही. पहिल्यावर 4 आला म्हणजे तो अडसर टळला, म्हणून संभाव्यता किंचित वाढली.

तेव्हा दोन घटना स्वतंत्र आहेत का, हे वाचून ठरवायचं नसतं, तपासायचं असतं. माहिती मिळण्यापूर्वीची संभाव्यता काढायची, मिळाल्यानंतरची काढायची आणि दोन्ही समान आहेत का ते पाहायचं. म्हणजे स्वातंत्र्य तपासायचं साधन सशर्त संभाव्यताच आहे. पाठ्यपुस्तकांत स्वतंत्र घटनांची व्याख्या बहुतेक वेळा P(A∩B) = P(A) × P(B) अशी असते. ती बरोबर आहे आणि हिशेबाला सोपीही आहे, पण तिच्यातून ‘माहितीने फरक पडत नाही’ हा अर्थ डोळ्यांसमोर येत नाही. मुलांच्या लक्षात एवढंच राहतं, की स्वतंत्र म्हणजे गुणाकार. मग उजवीकडच्या वरच्या घरात, जिथे घटना स्वतंत्र नाहीत तरीही गुणाकार आहे, तिथे ती गोंधळतात. गुणाकार वरच्या ओळीतल्या दोन्ही घरांत असतो. दुसरा अपूर्णांक माहिती मिळण्यापूर्वीचा घ्यायचा की नंतरचा, एवढाच फरक. स्वतंत्र घटनांत दोन्ही सारखेच असतात, म्हणून कोणताही घेतला तरी चालतो.

आणखी एक घोटाळा इथेच निस्तरायला हवा. ‘परस्पर अपवर्जी’ घटना, म्हणजे एकाच वेळी घडू न शकणाऱ्या घटना, अनेकांना स्वतंत्र वाटतात. एकीचा दुसरीशी संबंध नाही, असं त्यांना वाटतं. पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला आणि तो एक्का निघाला, तर तो राजा असण्याची संभाव्यता 4/52 वरून थेट शून्यावर येते. माहितीने याहून मोठा फरक पडू शकत नाही. अशा घटना सर्वांत घट्ट बांधलेल्या असतात.

आता पुन्हा त्या पिशवीकडे. दोन पांढरे, दोन काळे, परत न टाकता दोन चेंडू. या वेळी पहिला चेंडू न बघताच बाजूला ठेवला. दुसरा पाहिला, तो पांढरा निघाला. पहिला पांढरा असण्याची संभाव्यता किती?

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ रूमा फॉक यांनी 1979 साली हे उदाहरण चर्चेत आणलं. गणितशिक्षणाच्या अभ्यासकांमध्ये ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ‘पहिला पांढरा, तर दुसरा?’ याचं उत्तर मुलं 1/3 असं बरोबर देतात. उलट दिशेने विचारलं की त्यांतलीच अनेक मुलं 1/2 म्हणतात. त्यांचा युक्तिवाद असा: पहिला चेंडू काढला तेव्हा पिशवीत दोन पांढरे आणि दोन काळे होते, नंतर काय निघालं याचा आधीच्या चेंडूवर परिणाम कसा होईल?

परिणाम होत नाहीच. पण संभाव्यतेत परिणाम विचारलेला नाही, आपल्याला काय कळलं ते विचारलं आहे. यादी पुन्हा समोर घ्या. बारा जोड्यांतून दुसरा काळा असलेल्या सहा खोडा. उरलेल्या सहांत दोन्ही पांढरे असलेल्या त्याच दोन. उत्तर 1/3. तरीही पटत नसेल, तर पिशवी लहान करा: एक पांढरा, एक काळा. पहिला न बघता बाजूला ठेवला, दुसरा पांढरा निघाला. पहिला कोणता? तो काळाच असणार हे लहान मूलही सांगेल. इथे तो काळाने मागे जाऊन बदललेला नाही, आपल्याला तो ओळखता आला. चार चेंडूंच्या पिशवीत हेच घडतं, फक्त खात्रीने नाही, थोड्या प्रमाणात.

फॉक यांचं उदाहरण वर्गवारीत महत्त्वाचं ठरतं, कारण खालच्या ओळीतल्या प्रश्नांचे आणखी दोन पोटभाग त्याने स्पष्ट होतात. काहींत माहिती आधीच्या गोष्टीची असते आणि विचारलेलं असतं नंतरचं. इथे पिशवीत डोकावून पाहिल्यासारखं करून उत्तर सांगता येतं. काहींत माहिती नंतरची आणि विचारलेलं आधीचं असतं: सदोष बल्ब मिळाला, तर तो कोणत्या यंत्रावर तयार झाला असेल? तपासणीत दोष दिसला, तर आजार असेल का? इथे डोकावून भागत नाही. आधीच्या सगळ्या वाटा मांडून, माहितीशी न जुळणाऱ्या खोडून, उरलेल्यात मोजावं लागतं. या कामाच्या सूत्राला बेझचं प्रमेय म्हणतात, पण काम तेच काट मारण्याचं आहे. मुलांना या प्रमेयाची भीती वाटते ती बहुधा ते आणखी एक नवं सूत्र म्हणून समोर येतं म्हणून.

ओळीची चूक, स्तंभाची चूक आणि दिशेची चूक वहीत झाली तर गुण जातात. न्यायालयात झाली तर काय होतं, याची नोंद इंग्लंडमध्ये आहे. सॅली क्लार्क या वकील महिलेची दोन तान्ही बाळं 1996 आणि 1998 साली अचानक दगावली. तिनेच त्यांना मारलं असा आरोप ठेवण्यात आला आणि 1999 साली तिला जन्मठेप झाली. खटल्यात बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्ष दिली. अशा सुस्थितीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या घरात एक बाळ अकस्मात दगावण्याची संभाव्यता 8543 मध्ये एक असते, तेव्हा दोन दगावण्याची संभाव्यता या संख्येचा वर्ग करून मिळते, म्हणजे सुमारे 7 कोटी 30 लाखांत एक, असं त्यांनी सांगितलं.

चार घरांच्या कागदावर ही साक्ष ठेवून पाहा. एकाच आईवडिलांची, एकाच घरातली दोन बाळं. आनुवंशिक कारण असेल, घरातली परिस्थिती कारणीभूत असेल, तर ती दोघांनाही लागू होते. एक बाळ असं गेलं हे कळल्यावर दुसऱ्याची संभाव्यता 8543 मध्ये एक एवढीच राहील, असं मानायला आधार नव्हता. उजवीकडच्या घरातलं उदाहरण डावीकडे ठेवून सोडवलं होतं. ही झाली स्तंभाची चूक.

दुसरी चूक दिशेची, आणि ती अधिक घातक. तो आकडा बरोबर मानला, तरी तो ‘आई निर्दोष असेल, तर दोन बाळं अशी दगावण्याची संभाव्यता’ सांगतो. न्यायालयापुढचा प्रश्न उलटा होता: दोन बाळं दगावली आहेत, तर आई निर्दोष असण्याची संभाव्यता किती? इथे बाळं दगावल्याचं कळलेलं आहे, म्हणून ज्या घरांत दोन्ही बाळं जिवंत आहेत ती सगळी आधी खोडायची. उरतात ती दोनच प्रकारची घरं: जिथे दोन बाळं नैसर्गिकरीत्या गेली आणि जिथे आईने दोघांना मारलं. दोन्ही प्रकार अत्यंत विरळ. उत्तर ठरतं ते या दोन विरळ गोष्टींच्या तुलनेवरून, आणि 7 कोटी 30 लाखांतला तो एक या तुलनेची फक्त एक बाजू सांगतो. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने 2001 साली जाहीर पत्रक काढून या हिशेबाला आक्षेप घेतला. जानेवारी 2003 मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्यामागचं मुख्य कारण दुसऱ्या बाळाच्या वैद्यकीय तपासणीतले काही निष्कर्ष बचाव पक्षाला दिले गेले नव्हते हे होतं, पण ती आकडेवारीही ज्युरींपुढे मांडायला नको होती असं मत न्यायालयाने नोंदवलं. क्लार्क 2007 साली वारल्या.

मग वर्गात किंवा घरी अभ्यासाला बसल्यावर करायचं काय? पुस्तकातल्या वेगवेगळ्या स्वाध्यायांतली वीसेक उदाहरणं निवडा, एकेका चिठ्ठीवर एकेक लिहा आणि चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसा. मग एकही उदाहरण न सोडवता प्रत्येक चिठ्ठी चारांपैकी एका घरात ठेवायची. ठेवताना दोन गोष्टी तोंडाने म्हणायच्या: मला काय कळलेलं आहे, आणि त्याने काय बदलतं. जिथे नातं नुसतं वाचून कळत नाही, जसं त्या फाशांच्या उदाहरणात, ती चिठ्ठी घड्यांच्या रेषेवर ठेवून द्यायची आणि हिशेब करून मगच घरात सरकवायची. खालच्या ओळीतल्या ज्या चिठ्ठ्यांत माहिती नंतरची आणि विचारलेलं आधीचं आहे, त्यांच्या कोपऱ्यात उलटा बाण काढायचा. सोडवायला बसायचं ते यानंतर.

सरमिसळ का करायची, याला आधार आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींना एकेका आकृतीची उदाहरणं सलग दिली, काहींना सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. आठवड्यानंतरच्या चाचणीत चित्र पालटलं: मिसळून सराव केलेल्यांची सरासरी 63 टक्के, सलग सराव केलेल्यांची 20 टक्के. म्हणून चिठ्ठ्या लावताना मूल सुरुवातीला जास्त चुकलं, तर पालकांनी आणि शिक्षकांनी चिठ्ठ्या गुंडाळून ठेवू नयेत. त्या पुन्हा पिसाव्यात, आणि मूल स्वतःहून पेन्सिल उचलून यादीतल्या जोड्यांवर काट मारायला लागेपर्यंत सूत्रांचं पान बंद ठेवावं.